गोडा मसाला करणाऱ्या नाकाचा वासाचा सराव: ३६ आठवड्यांच्या नोंदी

ज्यांचा वास फ्लू, कोविड किंवा तशाच सर्दीतापानंतर गेला आणि काही आठवड्यांत परत आला नाही, त्यांच्या घरच्यांसाठी या नोंदी आहेत. ज्यांच्यासाठी सराव चालला त्या ताई घरगुती गोडा मसाला करून विकतात, त्यामुळे नाक हे त्यांचं हत्यार. डिसेंबर २०२३ च्या शेवटी फ्लू झाला, ताप चार दिवसांत उतरला, पण वास गेला तो गेलाच. कोणाचा वास अपघातानंतर किंवा काहीच कारण नसताना गेला असेल, एकाच नाकपुडीचा गेला असेल, किंवा नाकातून रक्त येत असेल, तर या नोंदी बाजूला ठेवून आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

१२ फेब्रुवारी २०२४, तपासणी

डॉक्टरांनी दुर्बिणीने दोन्ही नाकपुड्या पाहिल्या. कोंब नाहीत, सूज नाही, वाट मोकळी आहे. म्हणजे हवा वर पोचते, पण तिथे ती ओळखणारं कोणी नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या मिळतील अशी घरच्यांची अपेक्षा होती, त्या दिल्या नाहीत. आजार होऊन दीड महिना उलटलाय आणि नाकात सूज नाही, अशा वेळी त्या गोळ्यांचा फायदा दिसत नाही आणि त्रास मात्र होतो. जस्ताचा नाकात मारायचा स्प्रे कोणीतरी सुचवला होता, त्यालाही स्पष्ट नकार. नाकात घालायच्या जस्ताच्या औषधांनी उलट वासच जातो, अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्येच लोकांना ती वापरू नका असं बजावलं होतं.

ताईंची तक्रार "तोंडाला चव नाही" अशी होती. साखर, मीठ, लिंबू आणि कारल्याचा रस चमच्याने दिला तर चारही बरोबर ओळखले. जीभ शाबूत आहे. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग घास चावताना घशामागून नाकात चढणारा वास असतो आणि तोच गेलाय. हे आधी नक्की केलं की पुढे जिभेच्या औषधांवर पैसे जात नाहीत.

१४ फेब्रुवारी, आधी गॅस

सरावाच्या बाटल्या येण्याआधी हे काम उरकलं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात आणि ताईंना नेमका तोच येत नाही. गळती ओळखणारा भोंगा आणला, १,४०० रुपये. दुकानदाराने तो छताजवळ लावायला सांगितला, ते चूक आहे. नळीतून येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, त्याच्यासाठी वरची जागा ठीक. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि फरशीलगत साचतो, म्हणून भोंगा जमिनीपासून साधारण एक फुटावर लागला. शेगडीच्या अगदी शेजारी मात्र नको, फोडणीच्या वाफेने उगाच वाजत राहतो.

फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची पट्टी. दूध नासलंय का हे आता नाकाने ठरणार नाही.

२० फेब्रुवारी, संच तयार, आठवडा १

जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये जी पद्धत मांडली तीच धरली: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हे चार वास, दिवसातून दोनदा, किमान बारा आठवडे. चार वासांची निवड जुन्या वर्गीकरणातून आलेली आहे: एक फुलाचा, एक फळाचा, एक मसाल्याचा, एक राळेसारखा.

साहित्य: रुंद तोंडाच्या ३० मिलीच्या तपकिरी काचेच्या बाटल्या, २५ रुपयाला एक. लवंगतेल औषधाच्या दुकानातून १८० रुपये, निलगिरी ९० रुपये. लिंबासाठी गवती चहाचं तेल घेतलं, १५० रुपये. त्याचा वास लिंबाच्या जवळचा आहे आणि ते सहज मिळतं. प्रत्येक बाटलीत जाड चित्रकलेच्या कागदाची घडी, तिच्यावर २० थेंब, म्हणजे साधारण १ मिली.

अडलं ते गुलाबाशी. बाजारातलं १२० रुपयांचं "गुलाब तेल" बहुतेक नुसतं वाहक तेल निघालं, घरातल्या निरोगी माणसांनाही वास जेमतेम आला. खऱ्या गुलाबाच्या तेलाची किंमत सरावासाठी परवडणारी नाही आणि गुलाबपाणी फार फिकं. शेवटी सुगंधी द्रव्यांच्या दुकानातून फेनिल इथाइल अल्कोहोल आणलं, १०० मिलीला २६० रुपये. गुलाबाच्या वासातला हा मुख्य घटक आहे आणि मूळ अभ्यासातही हाच वापरला होता. यात चार दिवस गेले. कोणतीही बाटली सुरू करण्याआधी घरातल्या दोन धडधाकट नाकांनी डोळे मिटून ती ओळखली पाहिजे. नाही ओळखली तर दोष तेलाचा.

लवंग आणि निलगिरीच्या बाटल्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. निलगिरी तेल थोडंसं पोटात गेलं तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात.

२० फेब्रुवारी, पद्धत

सकाळी चहाच्या आधी आणि रात्री झोपताना. बाटली नाकापासून दोन बोटांवर धरायची आणि २० सेकंद छोटे, हलके हुंगे घ्यायचे, फुलाजवळ नाक नेऊन घेतो तसे. खोल लांब श्वास घेतला की बरीचशी हवा खालच्या वाटेने थेट छातीत जाते, वरच्या कोपऱ्यात कमी पोचते. एका वासानंतर २० सेकंद थांबायचं, मग पुढचा. सगळं मिळून चार मिनिटांच्या आत आटोपतं. जास्त वेळ एकच बाटली नाकाशी धरून उपयोग नाही, निरोगी नाकही अर्ध्या-एका मिनिटात त्या वासाला सरावतं आणि ओळखणं सोडतं.

हुंगताना लेबल वाचायचं आणि तो वास आठवायचा. "लवंग" एवढं म्हणून भागत नाही. गरम तेलात लवंग फुलते तेव्हाचा वास कसा होता, तो डोळ्यांसमोर आणायचा. काहीच येत नसलं तरी २० सेकंद पूर्ण करायचे. पहिल्या आठवड्यात बहुतेकांना काहीच येत नाही आणि बहुतेक जण सोडतात ते इथेच.

वहीत रोज एक ओळ, प्रत्येक वासाला ० ते १० गुण.

२७ फेब्रुवारी, आठवडा २, निलगिरीचा घोळ

आठवड्याच्या वहीत गुलाब ०, लिंबू ०, लवंग २, निलगिरी ६. घरात पेढे वाटायचे बाकी होते. पण सहा गुण फार लवकर आले, म्हणून तपासलं.

नाकात दोन वेगळ्या तारा आहेत. एक गंधाची. दुसरी चेहऱ्याची संवेदना नेणारी, जिच्यामुळे बाम गार लागतो, मिरचीच्या धुराने ठसका लागतो आणि कांद्याने डोळ्यांत पाणी येतं. ही दुसरी तार विषाणूच्या तडाख्यातून सहसा वाचते. निलगिरी, पुदिना, कापूर या तिन्हींचा गारवा तीच सांगते.

तपासणी सोपी आहे. डोळे मिटायला लावले, एका नाकपुडीशी निलगिरी आणि दुसऱ्या नाकपुडीशी कोरी बाटली एकाच वेळी धरली, आणि कोणत्या बाजूला आहे ते विचारलं. दहापैकी नऊ वेळा बरोबर. निव्वळ वास कोणत्या नाकपुडीतून आला हे माणसाला जवळजवळ सांगता येत नाही, गारवा किंवा झणका मात्र सांगता येतो. म्हणजे ते सहा गुण गारव्याचे होते. लवंगेचे दोनही त्यातलेच, लवंगतेल जोरकस असलं की तेही थोडं चुरचुरतं. गुलाबाला ही दुसरी तार जवळपास दादच देत नाही, म्हणून वास परत आलाय का हे खऱ्या अर्थाने सांगणारी बाटली गुलाबाची.

निलगिरी काढून टाकली नाही, सरावात राहू दिली. वहीत मात्र दोन रकाने केले: "गार/झणका" आणि "वास". पहिला आठवडा पुसून नव्याने मोजायला लागलो.

५ मार्च, आठवडा ३, गुलाबाची शिडी

स्वतः दिलेल्या गुणांवर विसंबून चालत नाही. बरं व्हायची घाई असते आणि लेबल समोर असतं. म्हणून एक आंधळी चाचणी तयार केली.

पातळ करायला बिनवासाचं प्रॉपिलीन ग्लायकॉल १०० मिली, १२० रुपये. त्यातलं ९.६ मिली घेऊन त्यात ०.४ मिली गुलाबद्रव्य घातलं, म्हणजे ४ टक्क्यांचं झालं. त्यातलं ५ मिली काढून ५ मिली कोऱ्या ग्लायकॉलमध्ये, झालं २ टक्के. असं निम्मं करत ०.१२५ टक्क्यांपर्यंत गेलो, एकूण सहा बाटल्या. सुई काढलेली साधी सिरिंज पुरते, प्रत्येक पायरीला नवी.

चाचणी अशी: तीन बाटल्या पुढे करायच्या. दोघींत नुसतं ग्लायकॉल, एकीत गुलाब. डोळ्यांवर पट्टी. कोणती वेगळी ते सांगायचं. बारा वेळा, दर वेळी क्रम बदलून, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. नुसत्या अंदाजाने बारापैकी सरासरी चार बरोबर येतात, सहा-सातही योगायोगाने येऊ शकतात. आठ किंवा जास्त आले तरच "आला" असं लिहायचं. ही चाचणी महिन्यातून एकदाच करायची. रोज केली तर नाक शिकण्याऐवजी माणूस चाचणी शिकतो.

आजचा निकाल ४ टक्क्यांवर बारापैकी ३. काहीच नाही. हीच आमची खरी सुरुवात.

२ एप्रिल, आठवडा ७, खोटं यश

चाचणी: ४ टक्क्यांवर १२ पैकी ११. एका महिन्यात शून्यावरून इतकं येणं पटेना, म्हणून २ टक्के लावलं, तिथेही ११. ०.१२५ टक्क्यांवरही १०. असं होत नाही.

गडबड बुचांत निघाली. सगळ्या बाटल्या एकाच स्टीलच्या डब्यात होत्या आणि बुचं प्लॅस्टिकची. लवंगतेल प्लॅस्टिकमध्ये शिरतं. गुलाबाच्या शिडीच्या बाटल्या डब्यात लवंगेला लागून होत्या, कोऱ्या बाटल्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे ताई गुलाब ओळखत नव्हत्या, गुलाबाच्या बाटलीला चिकटलेला लवंगेचा झणका ओळखत होत्या. एका निरोगी नाकाने नुसती बुचं हुंगून हे नक्की केलं.

बुचं फेकली, आतून फॉइल लावलेली नवी आणली. लवंग आणि निलगिरी वेगळ्या डब्यात. शिडी पुन्हा केली. चाचणीच्या बाटल्या सरावाच्या बाटल्यांजवळ ठेवायच्याच नाहीत, हा नियम डब्यावरच लिहिला. खर्च २२० रुपये, वेळ एक आठवडा.

नव्या बाटल्यांवर ४ टक्के: १२ पैकी ६. अजून नाही.

९ एप्रिल, आठवडा ८

लिंबाच्या बाटलीला टर्पेंटाइनसारखा वास मारतोय असं घरच्यांनी सांगितलं. उन्हाळा आहे, बाटली खिडकीत होती. लिंबासारख्या वासाची तेलं हवा आणि उष्णतेने लवकर खराब होतात. नवं भरलं, आता अंधाऱ्या कपाटात. फ्रिजमध्ये ठेवायचं तर हुंगण्याआधी अर्धा तास बाहेर काढावं लागतं, गार तेलातून वास उडत नाही. बाकी तेलं तीन महिन्यांनी बदलणार.

१८ एप्रिल, आठवडा ९, खोबऱ्याला सडका वास

सकाळी फोन आला, "खोबरं भाजलं आणि मेलेल्या उंदरासारखं काहीतरी यायला लागलं." दुपारपर्यंत यादी वाढली: कॉफी, परतलेला कांदा, लसूण, अंड्याची पोळी, भाजलेले तीळ. सगळ्यांना एकच वास, करपलेल्या रबरात काहीतरी सडलेलं मिसळल्यासारखा. ताईंना वाटलं नाक कायमचं बिघडलं.

हे होणार हे आधीच सांगून ठेवायला हवं होतं, ही सरावाच्या यादीतली सगळ्यांत महत्त्वाची ओळ आहे. वास पूर्ण गेल्यानंतर साधारण दोन-तीन-चार महिन्यांनी वास विकृत येऊ लागतो, आणि तो बहुधा गंधपेशी परत जुळायला लागल्याची खूण असतो. गंधपेशी नाकाच्या छताच्या अस्तरात असतात आणि मूळ पेशींपासून नव्या तयार होत राहतात. कोविडच्या बाबतीत तर विषाणू गंधपेशींना नाही, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना आधी गाठतो. नव्या पेशींना चाळणीसारख्या हाडातून धागे पाठवून मेंदूतल्या नेमक्या जागी जुळायचं असतं. सगळे धागे एकदम पोचत नाहीत. कॉफीच्या वासात कित्येक रेणू असतात, त्यातले दोन-चारच पोचले तर मेंदूला कॉफी कळत नाही, एखादा तुकडाच कळतो आणि तो भलताच वाटतो.

त्यातही भाजलेल्या, परतलेल्या पदार्थांचे गंधकयुक्त रेणू आणि पायराझिन नावाचे रेणू अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतात. म्हणून तेच सगळ्यांत आधी पोचतात आणि एकटे असल्यामुळे घाण वाटतात. ताईंच्या यादीत एकही न भाजलेला पदार्थ नाही, हे पाहिल्यावर त्यांना ते पटलं. गोडा मसाला म्हणजे मुळातच भाजण्याचं काम, तेव्हा या काळात त्रास जास्त होणार.

केलेले बदल: भाजणं मुलीकडे दिलं, किचनची खिडकी उघडी आणि पंखा बाहेर फेकणारा. जेवण कोमट किंवा गार, कारण वाफेबरोबर वास चढतो. वरणभात, दहीभात, उकडलेला बटाटा, काकडी, केळी हे चालतंय. फोडणीत लसूण, कांदा बंद, जिरं-मोहरी चालते. पुदिन्याच्या टूथपेस्टनेही मळमळतं, ती बदलून मिठाची. दर रविवारी वजन. दोन किलोपेक्षा जास्त घटलं तर डॉक्टर.

सराव बंद केला नाही. चारपैकी लवंग घाण यायला लागली, तिची बाटली फिकी केली (२० ऐवजी ५ थेंब) आणि वेळ २० ऐवजी १० सेकंद. लिंबू आणि गुलाब स्वच्छ आहेत, म्हणजे अजूनही कोरे आहेत. विकृती त्यांच्यात शिरलेली नाही.

३० एप्रिल, आठवडा ११

चाचणी ४ टक्क्यांवर १२ पैकी ९. बुचं तपासली, कोऱ्या बाटल्या तपासल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली: ९. हे खरं आहे. २ टक्क्यांवर ५, म्हणजे नाही. "गुलाब आहे का?" विचारलं तर "काहीतरी गोडसर, नाव नाही सांगता येत" असं उत्तर. ओळख आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधी असणं कळतं, नाव मागून येतं.

वजन दीड किलो कमी.

१४ मे, दुसरा संच, आठवडा १३

बारा आठवडे झाले. तुर्कस्तानातल्या एका गटाने २०१५ मध्ये दर बारा आठवड्यांनी वास बदलत ३६ आठवडे सराव करून पाहिला होता. त्यांचा दुसरा संच पुदिना, थाइम, संत्रं आणि जाई-मोगऱ्याच्या जातीचा. आपल्याकडे थाइम शोधत बसायला नको. थाइमचा वास ज्या थायमॉलमुळे येतो, तो ओव्यात भरपूर असतो. ओवा थोडा कुटून बाटलीत, दर आठवड्याला ताजा. पुदिन्याचं तेल, संत्र्याच्या सालीचं तेल. पुदिना पुन्हा गारव्याच्या रकान्यात, ओव्यालाही थोडा झणका आहे.

मोगरा ताजा हंगामातला, म्हणून गजराच बाटलीत टाकला. चूक ठरली. आठवडाभर गुण ० आणि ५ यांत उड्या मारत राहिले, नंतर कारण कळलं: मोगरा संध्याकाळी उमलतो, रात्रीच्या सरावाला भरपूर वास असतो आणि सकाळी फूल मलूल. नाक बदलत नव्हतं, फूल बदलत होतं. आता कागदावर मोगऱ्याच्या अत्तराचे थेंब, १५० रुपये.

११ जून, आठवडा १७

चाचणी: २ टक्क्यांवर ८, १ टक्क्यावर ६. संत्रं स्वतःहून ओळखलं, लेबल न दाखवता. कॉफी अजून घाण, पण "सडका" न म्हणता "जळका" म्हणाल्या. फरक वहीत नोंदवला, कारण अशी पावलं दिवसेंदिवस पाहिली तर दिसत नाहीत.

पावसाळ्याची सर्दी झाली, चार दिवस सगळं शून्यावर. ही घसरण सुजेमुळे असते. सर्दी गेल्यावर सहा दिवसांत पूर्वीच्या जागी आलं. सर्दीच्या दिवसांत चाचणी घेऊ नये.

१६ जुलै, आठवडा २२

दोन आठवडे सराव आळसाने सकाळचाच होतोय. वेळ लहान असला तरी रोज दोनदा करणं कंटाळवाणं असतं, हे मान्य करूनच जागा ठरवाव्या लागतात. रात्रीची बाटली उशीजवळ, सकाळची चहाच्या पातेल्याशेजारी ठेवली, तेव्हा परत रुळलं.

खोबरं अजून नको. तीळ भाजताना "थोडे तीळ आहेत" असं आलं. वजन परत आलं.

६ ऑगस्ट, तिसरा संच, आठवडा २५

अभ्यासातला तिसरा संच ग्रीन टी, बर्गामोट, रोझमेरी आणि गार्डेनिया. गार्डेनिया म्हणजे आपला अनंत, पावसात फुलतो, घरामागेच आहे. फूल चालणार नाही हे मोगऱ्याने शिकवलंच होतं, पण अनंताचं चांगलं अत्तर मिळालं नाही. तेव्हा दिवसाच्या ठराविक वेळी तोडलेलं फूल आणि फक्त रात्रीचे गुण धरायचे, असा तोडगा. ग्रीन टी कोरडीच बाटलीत.

बर्गामोट आणि रोझमेरीऐवजी धणे आणि शहाजिरे घेतले. हा बदल आमचा, अभ्यासातला नाही. वेलचीचाही विचार झाला. पण वेलचीत आणि निलगिरीत एकच घटक, सिनिऑल, मोठ्या प्रमाणात असतो, म्हणून तिचा गारवा पुन्हा फसवतो. धण्यात तो झणका नाही. आख्खे धणे मात्र फार कमी वास सोडतात. जाडसर कुटले तेव्हाच बाटली जिवंत झाली, आणि दर चौथ्या दिवशी बदलावे लागतात.

१० सप्टेंबर, आठवडा ३०

चाचणी: १ टक्क्यावर ९, ०.५ वर ७. म्हणजे १ टक्क्यापर्यंत खात्रीने. धणे दोन्ही वेळा ओळखले. शहाजिऱ्याला "धण्यासारखं, पण वेगळं" एवढंच.

कामाचा पहिला प्रयोग: ताईंनी १०० ग्रॅमचा मसाला केला, भाजण्याचे टप्पे नाकाऐवजी रंग आणि आवाजावर. तीळ फुटायचे थांबले की उतरवायचे, धणे एक छटा गडद, दगडफूल नखाने मोडलं की कुरकुरलं पाहिजे. शेजारच्या दोघींनी जुन्या मसाल्याशी ताडून पाहिला. एकीच्या मते खोबरं जास्त भाजलं गेलंय. ताईंना ते कळलं नाही.

२९ ऑक्टोबर, आठवडा ३७, तिन्ही संच पूर्ण

चाचणी: ०.५ टक्क्यांवर ९, ०.२५ वर ५. म्हणजे मार्चमध्ये ४ टक्क्यांवरही कोरं असलेलं नाक आता त्याच्या आठव्या हिश्शावर ओळखतं. घरातल्या निरोगी नाकांना ०.१२५ सहज येतं, म्हणून तुटीचा काही भाग अजून बाकी आहे.

लिंबू ८, गुलाब ७, धणे ७, संत्रं ८, लवंग ५ (घाण नाही, फिकी). कॉफी पिता येते, पण कॉफीसारखी नाही. कांदा चालतो, लसूण चालत नाही. भाजलेलं खोबरं सगळ्यांत मागे: विकृती १० पैकी ४ राहिलीय, ताज्या नारळाला मात्र काही नाही. दगडफूल अजून येतच नाही. त्याचा वास मुळातच हलका आणि सगळ्यांच्या मागून येणारा, म्हणून ते आश्चर्याचं नाही.

यातलं किती सरावामुळे आणि किती आपोआप, हे एका माणसावर वेगळं काढता येत नाही. विषाणूनंतर वास गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा वास वर्षभरात स्वतःहूनही काही प्रमाणात सुधारतो. सराव करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण जास्त दिसलंय, एवढंच म्हणता येतं. आजार होऊन वर्ष उलटायच्या आत सुरुवात केलेलं बरं.

एकूण खर्च, भोंगा वगळून: बाटल्या, बुचं, तेलं, ग्लायकॉल, अत्तर मिळून १,८०० रुपयांच्या आसपास. त्यातले सुमारे ३४० रुपये निकामी गुलाबतेलात आणि बिघडलेल्या बुचांत गेले.

दिवाळीच्या मागण्या आहेत, त्यामुळे भाजणं मुलगीच करतेय. ताई चाळणं, तोलणं आणि शेवटचा हिंग-मिठाचा हिशेब बघतात. पुढचा संच ठरवला: पहिले चारच परत, पण निलगिरीच्या जागी दगडफूल, भरडलेलं आणि किंचित कोमट केलेलं. चाचणी दर महिन्याच्या ऐवजी दोन महिन्यांनी, पुढची डिसेंबरच्या शेवटी, ०.२५ पासून खाली.